चार आकडी पिन आणि लांबलचक पासवर्ड: जास्त सुरक्षित काय?

या महिन्याचा प्रश्न एका भगिनीचा आहे. मुलीच्या कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून दिले, पासवर्ड ठेवायला लावला आणि लगेच लॅपटॉपने पिनही मागितला. आता रोज लॅपटॉप उघडताना फक्त पिन टाकावा लागतो. त्या लिहितात, "पासवर्डमध्ये अक्षरे, आकडे, चिन्हे सगळे हवे म्हणून आग्रह, आणि मग तोच लॅपटॉप चार आकड्यांवर उघडतो. मग पासवर्डचा उपयोग काय? अब्बू म्हणतात पिन काढून टाक. काढू का?"

अब्बूंची शंका रास्त आहे. वरवर पाहता पिन म्हणजे तोकडा पासवर्डच वाटतो. पण या दोन गोष्टींची कामे वेगळी आहेत. पासवर्ड तुमच्या खात्याचा असतो आणि पिन त्या एका लॅपटॉपचा असतो. हा फरक समजला की पिन का ठेवायचा, कसा ठेवायचा आणि तो कुठे अपुरा पडतो, हे सगळे उलगडत जाते.

पासवर्ड कुठूनही चालतो, हीच त्याची अडचण

मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड तुमच्या लॅपटॉपपुरता नसतो. तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथे तपासला जातो. तुम्ही चिपळूणला बसून टाकला तरी चालतो, आणि दुसऱ्या कोणी हजारो मैलांवरून टाकला तरी चालतो. सर्व्हरला तुमचा चेहरा दिसत नाही. अक्षरे बरोबर आली की दार उघडते.

एक प्रसंग समजून घेऊ. समजा, घरातल्या मोठ्या मुलाला ईमेल येतो: "तुमच्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून प्रवेश झाला आहे, ताबडतोब तपासा." खाली दुवा असतो. तो दाबल्यावर हुबेहूब मायक्रोसॉफ्टसारखे पान उघडते. चिन्ह तेच, रंग तेच, फक्त वरच्या पट्टीतला पत्ता वेगळा. घाईत तो पासवर्ड टाकतो. पान "धन्यवाद" म्हणते आणि बंद होते.

पुढच्या काही मिनिटांत काय होऊ शकते ते पाहा. चोर तोच पासवर्ड खऱ्या पानावर टाकतो. दुसरी कोणती तपासणी लावलेली नसेल तर तो खात्यात शिरतो. त्या खात्याच्या वनड्राइव्हमध्ये आधारकार्डांचे फोटो असतात, पासपोर्टच्या प्रती असतात, निकाहनाम्याची स्कॅन केलेली प्रत असते, मुलांच्या मार्कशीट असतात. त्याच खात्याच्या ईमेलवर इतर संकेतस्थळांचे "पासवर्ड विसरलात का?" वाले दुवे येतात, म्हणजे तिथून पुढची दारेही उघडतात. या सगळ्यात लॅपटॉप मात्र घरात टेबलावरच असतो. त्याला कोणी हातही लावलेला नसतो.

एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरण्याची सवय असेल तर बनावट पानाचीही गरज पडत नाही. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळाची यादी चोरीला गेली, की चोरांचे प्रोग्राम त्या यादीतले ईमेल आणि पासवर्ड इतर मोठ्या संकेतस्थळांवर आपोआप लावून पाहतात.

पिन कुठेच जात नाही

आता पिन. विंडोज १० सन २०१५ मध्ये आले, तेव्हापासून त्यात "विंडोज हॅलो" नावाची सोय आहे. पिन हा तिचाच भाग आहे. पिन ठरवताना लॅपटॉप आधी खात्याचा पासवर्ड मागतो, कधी मोबाइलवर आलेला कोडही मागतो. खातरजमा झाली की आत एक काम घडते, जे आपल्याला दिसत नाही.

बहुतेक नव्या लॅपटॉपांत टीपीएम नावाची छोटी सुरक्षा यंत्रणा असते. काहींत ती वेगळी चिप असते, काहींत प्रोसेसरमध्येच सामावलेली असते. विंडोज ११ साठी तर टीपीएम २.० ही अटच आहे. ही यंत्रणा म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली तिजोरी समजा. पिन ठरवताना या तिजोरीत एक शिक्का तयार होतो आणि तो तिथेच कुलूपबंद होतो. त्या शिक्क्याचा ठसा कसा ओळखायचा, एवढीच माहिती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाते. ठशावरून शिक्का बनवता येत नाही.

पुढे तुम्ही पिन टाकता, तेव्हा तो सर्व्हरकडे जात नाही. तो फक्त तिजोरीला दाखवला जातो. पिन बरोबर असेल तर तिजोरी शिक्का वापरू देते. सर्व्हरला खात्री हवी असेल तर तो दर वेळी एक नवा आकडा पाठवतो. तिजोरी त्यावर आतल्या आत शिक्का मारते आणि फक्त ठसा बाहेर देते. सर्व्हर ठसा ओळखतो. आजचा ठसा उद्या चालत नाही, कारण उद्या आकडा वेगळा असतो.

एटीएम कार्डाचा व्यवहार आपल्याला ठाऊक आहे. कार्ड हातात नसेल तर नुसता पिन माहीत असून मशीनमधून पैसे निघत नाहीत, आणि पिन ठाऊक नसेल तर नुसते कार्ड मशीनमध्ये घालून निघत नाहीत. इथे लॅपटॉप हेच कार्ड आहे. रेल्वेत शेजारच्याने तुमचा पिन पाहिला, दुकानाच्या कॅमेऱ्यात तो टिपला गेला, किंवा कोणी फोनवर गोड बोलून काढून घेतला, तरी लॅपटॉप हातात नसेल तर त्या आकड्यांनी जगात कुठेही तुमचे खाते उघडत नाही. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरही नाही. तिथला पिन वेगळा, तिथली तिजोरी वेगळी.

पण चार आकडे कोणीही ओळखेल की!

हा अब्बूंचा खरा मुद्दा आहे. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजारच आकडे होतात. लॅपटॉपच चोरीला गेला तर चोर एकेक लावून पाहणार नाही का?

तो पाहील, पण तिजोरी मोजत असते. काही वेळा चुकीचा पिन पडला की विंडोज आधी `A1B2C3` ही अक्षरे टाकायला लावते, म्हणजे एखादे लहान मूल नुसतेच बटणे दाबत असेल तर ते तिथे थांबते. तरीही चुका होत राहिल्या तर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला सांगते. याच्याही मागे टीपीएमचा स्वतःचा हिशेब असतो. विंडोज टीपीएम २.० साठी जी मर्यादा लावते त्यात ३२ चुका झाल्या की तिजोरी बंद होते, आणि लॅपटॉप चालू राहिला तर दर १० मिनिटांनी एक चूक माफ होते.

हिशेब करून पाहू. १० मिनिटांना एक म्हणजे दिवसाला १४४ प्रयत्न. चार आकडी पिनचे सगळे दहा हजार आकडे लावून पाहायला रात्रंदिवस बसून सुमारे ६९ दिवस लागतील. पिन सहा आकडी केला तर आकडे होतात दहा लाख, आणि त्याच गतीने सुमारे १९ वर्षे लागतील. दोन आकडे वाढवल्याने एवढा फरक पडतो. म्हणून या भगिनींना पहिला सल्ला असा, की पिन काढू नका, सहा आकडी करा.

मात्र हा हिशेब पिन मनमानी असेल तरच खरा. विंडोज १२३४, ११११ किंवा १३५७ असे सरळ चढते-उतरते आकडे स्वीकारत नाही. पण १९८५ स्वीकारते, कारण ते तुमचे जन्मसाल आहे हे त्याला कळत नाही. चोराला मात्र सुचते. सन १९६० ते २०१० पर्यंतची सालेच लावून पाहायची म्हटले तर आकडे फक्त ५१. पहिले ३२ मर्यादेतच बसतात आणि उरलेले १९ सव्वातीन तासांत संपतात. ६९ दिवसांची तटबंदी अशी एका दुपारीत कोसळते. जन्मसाल, लग्नाची तारीख, मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणि गाडीचा नंबर टाळा.

एटीएमचा किंवा यूपीआयचा पिनही इथे वापरू नका. लॅपटॉपचा पिन कोणी पाहिला तर नुकसान त्या लॅपटॉपपुरते राहावे, हाच सगळा फायदा आहे. तोच आकडा बँकेलाही चालत असेल तर तो फायदा आपणच घालवला.

लॅपटॉपात टीपीएम आहे का?

जुना लॅपटॉप असेल तर हे तपासून घ्या. विंडोजचे बटण दाबून ठेवून R दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात हे टाका आणि एंटर दाबा:

```
tpm.msc
```

उघडलेल्या खिडकीत `The TPM is ready for use` असे दिसले आणि `Specification Version` समोर 2.0 असेल, तर वरचा हिशेब तुमच्या लॅपटॉपला लागू आहे. टीपीएम सापडत नाही असा संदेश आला, तरी पिन ठेवता येतो, पण तेव्हा पक्की तिजोरी नसते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणाऱ्या जाणकार चोराला मोजणारे कोणी राहत नाही. अशा लॅपटॉपवर पिन बदलताना `Include letters and symbols` या चौकटीवर खूण करा आणि अक्षरे मिसळून लांब पिन ठेवा. नाव पिन असले तरी त्यात अक्षरे चालतात.

पिन कुठे अपुरा पडतो

पिन ठेवला म्हणून पासवर्ड नाहीसा होत नाही. तो खात्याला लागूच असतो. वरच्या प्रसंगातल्या मुलाच्या लॅपटॉपवर पिन असता, तरी बनावट पानावर पासवर्ड टाकल्यावर तेच झाले असते. मग पिनने काय साधले? रोज हात जे टाइप करतात ते बाहेर निरुपयोगी असलेले आकडे झाले. पासवर्ड महिनोन् महिने टाकावा लागत नाही, म्हणून तो लांब आणि फक्त याच खात्याचा ठेवता येतो. आणि एखादे पान अचानक पासवर्ड मागू लागले की "हा तर मी कधी टाकत नाही, आजच का मागतोय?" असा प्रश्न मनात येतो. उरलेले दार बंद करायचे असेल तर `account.microsoft.com` वर जाऊन सुरक्षेच्या पानावर `Two-step verification` सुरू करा. मग पासवर्ड चोरला तरी मोबाइलवरच्या मंजुरीशिवाय आत जाता येत नाही.

दुसरी मर्यादा घरातली आहे. लॅपटॉपही हातात आणि पिनही ठाऊक, अशा माणसाला पिन अडवत नाही. क्रोम किंवा एजमध्ये जे पासवर्ड साठवून ठेवलेले असतात, ते दाखवण्यापूर्वी ब्राउझर बहुधा हाच पिन विचारतो. म्हणजे पिन ठाऊक असलेल्याला तेही दिसतात. घरात एकच लॅपटॉप असेल आणि बाजी, भाईजान, लहानगे सगळे वापरत असतील, तर प्रत्येकाचे वेगळे खाते करा. ज्याचे खाते त्याचा पिन.

तिसरी गोष्ट, "आम्ही कंपनीतून बोलतोय, लॅपटॉप दुरुस्त करून देतो" म्हणून फोनवरून एखादे ॲप बसवायला लावणारे लोक. तुम्ही लॅपटॉप उघडून त्यांच्या ताब्यात दिला, की ते तुमच्या खुर्चीतच बसल्यासारखे असतात. तिथे पिन काही करू शकत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात

लॅपटॉप दुरुस्तीला दिला की पावतीवर पासवर्ड लिहून मागतात, आणि आपण देतो. खात्याचा पासवर्ड लिहून देणे म्हणजे ईमेल, फोटो आणि कागदपत्रे कुठूनही उघडण्याची परवानगी देणे. ती चिठ्ठी नंतर कुठे जाते ते आपल्याला कळत नाही.

स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड किंवा पंखा बदलायला सहसा आत शिरावे लागत नाही. "कशासाठी हवा?" एवढे विचारा. खरोखर गरज असेल तर दुकानात नेण्यापूर्वी `Settings`, `Accounts`, `Other users` असे जाऊन दुरुस्तीपुरते साधे वेगळे खाते तयार करा. विंडोज १० मध्ये तिथे `Family & other users` असे लिहिलेले असते. त्या खात्यातून तुमच्या फायली उघडत नाहीत. लॅपटॉप घरी आला की ते काढून टाका. अगदी नाइलाजाने काही सांगावेच लागले, तर पिन सांगा, पासवर्ड नाही, आणि लॅपटॉप परत आल्या दिवशी पिन बदला. पिन सांगणेही पूर्ण निर्धोक नाही, कारण तेवढा वेळ लॅपटॉप त्यांच्याच हातात असतो. पण ते नुकसान एका यंत्रापुरते आणि त्या काही दिवसांपुरते राहते.

पासवर्ड विसरू नका

पिनची सवय लागली की लोक पासवर्ड विसरतात, आणि खरा घोटाळा तिथे होतो. बायोस अपडेट झाले, टीपीएम पुसला गेला किंवा मदरबोर्ड बदलला, की जुना शिक्का हरवतो. मग पिन बरोबर असूनही `Something happened and your PIN isn't available` असा संदेश येतो. घाबरू नका. यात खाते जात नाही. पिन नव्याने ठरवायचा असतो, आणि त्यासाठी खात्याचा पासवर्ड किंवा मोबाइलवरचा कोड लागतो.

मदरबोर्ड बदलताना आणखी एक अडचण येते. अनेक नव्या लॅपटॉपांची डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. बोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि दुसऱ्या फोनवरून `aka.ms/myrecoverykey` वर दिसते. पण त्यासाठी आधी खात्यात शिरता आले पाहिजे. पासवर्ड आठवत नाही, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला, अशी अवस्था असेल तर लॅपटॉप पुसूनच नव्याने सुरू करावा लागतो आणि आतली वर्षांची कागदपत्रे जातात. म्हणून ती की आजच कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्डही तिथेच लिहून ठेवला तर हरकत नाही. घरातल्या कपाटातला कागद दूरच्या चोराच्या हाती लागत नाही. फक्त तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

आता काय करायचे

`Settings`, `Accounts`, `Sign-in options` असे जा. `PIN (Windows Hello)` उघडा आणि `Change PIN` दाबून सहा आकडी, मनमानी पिन ठेवा. त्याच पानावर थोडे खाली, या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी फक्त विंडोज हॅलोच चालू द्यायचे, असे सांगणारे एक बटण असते. ते चालू असेल तर कुलूपाच्या पडद्यावर पासवर्डची जागाच दिसत नाही, आणि पिनचे `Remove` बटणही दाबता येत नाही. अब्बूंनी पिन काढायचा प्रयत्न करून तो निघाला नसेल, तर कारण बहुधा हेच आहे. लॅपटॉप बिघडलेला नाही.

शेवटी एक लक्षात ठेवा. पासवर्ड बदलला म्हणून पिन बदलत नाही, आणि पिन बदलला म्हणून पासवर्ड बदलत नाही. कोणी पिन पाहिला असे वाटले तर लॅपटॉपवर पिन बदला. पासवर्ड कुठे टाकला गेला अशी शंका आली तर लगेच खात्याच्या पानावर जाऊन पासवर्ड बदला. दोन्हींबद्दल शंका असेल तर दोन्ही बदला, आणि सुरुवात पासवर्डपासून करा, कारण दूर बसलेल्याला तोच पुरतो.